हँडओव्हरच्या रेकॉर्डिंगवरून नोट लिहिताना औषधं सुटू नयेत म्हणून: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या वॉर्डांत रात्रपाळीची सिस्टर घाईने ओव्हर देते, कुणीतरी मोबाइलवर रेकॉर्ड करतं आणि मग दिवसपाळीची सिस्टर ते ऐकून रुग्णाची नोट लिहिते. मी अशा नोटा बरीच वर्षं लिहिल्या आहेत आणि आता नव्या मुलींच्या तपासते. त्या मला पुन्हा पुन्हा जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरं इथे एका जागी लिहिली आहेत.

गोषवारा लिहिताना औषधंच का गळतात? बाकीचं तर नीट येतं.

गोषवारा म्हणजे चार वाक्यांचं एक करणं. रुग्णाच्या अवस्थेबाबत ते चालून जातं. "रात्री दोनदा खोकल्याची उबळ आली, पाणी प्यायले, मग झोपले" याचं "रात्री खोकला, नंतर झोप लागली" केलं तर फार काही बिघडत नाही. औषधाच्या वाक्याचं तसं नाही. त्यात नाव, मात्रा, मार्ग, वेळ आणि क्रियापद असे पाच तुकडे असतात आणि त्यातला कुठलाही एक गेला की उरलेले चार निरुपयोगी होतात. "ताप आला, औषध दिलं" हे मराठी वाक्य म्हणून पूर्ण आहे. पण पुढच्या सिस्टरला पॅरासिटामॉल पुन्हा कधी देता येईल, हे त्यातून कळत नाही.

या पाचांपैकी सगळ्यात जास्त मोडतं ते क्रियापद. नाव आणि मात्रा तक्त्यात सापडतात. दिलं, द्यायचंय, थांबवलं की कायमचं बंद केलं, हे मात्र पुष्कळदा फक्त बोलण्यात असतं. म्हणून या पानावर मी क्रियापदावरच जास्त बोलणार आहे.

मग सुरुवात कुठून करायची?

रेकॉर्डिंग दोनदा ऐका. पहिल्यांदा ऐकताना रुग्णाबद्दल काहीही लिहू नका, फक्त औषधांची वाक्यं उतरवा, जशी बोलली तशीच. "लॅसिक्स बंद केलंय" असं ऐकलं तर तेच लिहा. त्याचा अर्थ लावायची वेळ अजून आलेली नाही. मग ट्रीटमेंट शीट समोर ठेवा आणि प्रत्येक वाक्याची ओळ तिथे शोधा. हे संपल्यावर दुसऱ्यांदा ऐका आणि तेव्हा रुग्णाची अवस्था लिहा.

उलट क्रमाने काम केलं तर काय होतं ते मी पाहिलंय. आधी अवस्था लिहिली की मनात एक गोष्ट तयार होते, काका बरे आहेत किंवा काका बिघडताहेत, आणि औषधं त्या गोष्टीत बसतील तशी ऐकू येऊ लागतात.

ऑक्सिजनही औषधांतच धरा. किती लिटर आणि कशाने देताय, हे त्यात आलंच पाहिजे.

प्रत्यक्षात कसं करायचं ते एका रुग्णावर दाखवाल का?

हो. खाली दिलेला रुग्ण शिकवण्यासाठी रचलेला आहे, पण त्यातली प्रत्येक चूक मी कुठे ना कुठे होताना पाहिली आहे. बेड सात, चौसष्ट वर्षांचे काका, न्यूमोनिया, सोबत मधुमेह आणि हृदयाचा जुना त्रास. रात्रपाळीची सिस्टर गोकाककडची, घरची भाषा कन्नड. ओव्हर घेणारी खानापूरची, मराठी. सकाळी पावणेआठचं रेकॉर्डिंग असं आहे:

"सात नंबर, न्यूमोनियाचे काका, तिसरा दिवस. रात्र बरी गेली. पहाटे चारला एकशे एक ताप, पॅरासिटामॉल दिलंय, उतरला. अँटिबायोटिक चालू आहे, सहाचं झालं. रात्री दहाला बीपी नव्वद-साठ होतं, लॅसिक्स बंद केलंय. आता एकशे दहा-सत्तर. पोटॅशियम तीन आलंय, सलाईनमधून एक अँप्युल द्यायला सांगितलंय. शुगर सव्वासातला दोनशे ऐंशी, इन्सुलिन आरु युनिट कोडतीनि. ऑक्सिजन दोन लिटरवर पंच्याण्णव. लघवी रात्रीत सातशे. कॅन्युला बदललाय."

नव्या सिस्टरने पहिल्या झटक्यात लिहिलेली नोट अशी होती: "रात्र बरी. ताप आला, औषध दिले. अँटिबायोटिक चालू. बीपी कमी असल्याने लॅसिक्स बंद. पोटॅशियम कमी, सलाईनमधून सुरू. शुगर २८०, इन्सुलिन ६ युनिट दिले. ऑक्सिजनवर ९५ टक्के."

वाचायला नीटनेटकी नोट आहे. आता एकेक औषध घेऊ.

इन्सुलिनचं काय चुकलं? सिस्टर तर सहा युनिट म्हणाली होती.

ती "कोडतीनि" म्हणाली. कन्नडमध्ये "कोट्टीनि" म्हणजे मी दिलंय आणि "कोडतीनि" म्हणजे मी देते, देणार आहे. मोबाइल खिशात, मागे पंख्याचा आवाज, ट्रॉलीचा खडखडाट, अशा वेळी हे दोन शब्द वेगळे ऐकू येणं कठीण. ओव्हर घेणारीला तर "इन्सुलिन दिलं" हेच ऐकायची अपेक्षा असते, त्यामुळे कान तेच ऐकतो.

आकड्याचंही तसंच. कन्नडमध्ये आरु म्हणजे सहा, मूरु म्हणजे तीन आणि नूरु म्हणजे शंभर. पहिलं अक्षर दबलं की तिन्ही सारखेच. शंभर युनिट कुणी देणार नाही, पण तीन आणि सहा दोन्ही शक्य वाटतात, आणि तिथेच धोका आहे.

म्हणून शीट पाहिली. त्या वॉर्डच्या इन्सुलिन तक्त्यात २५१ ते ३०० शुगरला ६ युनिट रेग्युलर इन्सुलिन, त्वचेखाली, असं होतं. म्हणजे आकडा पक्का झाला. पण सकाळच्या रकान्यात सही नव्हती. सही नसली की दोन शक्यता उरतात: दिलंय पण सही राहिली, किंवा दिलंच नाही. रेकॉर्डिंग पुन्हा दहा वेळा ऐकूनही याचा निकाल लागणार नाही. सिस्टर गेटबाहेर पडायच्या आधी तिला गाठून विचारलं. तिने इन्सुलिन दिलं नव्हतं. नाश्त्याची ट्रॉली आली नव्हती, म्हणून ती थांबली होती, आणि ते बरोबरच होतं. रेग्युलर इन्सुलिन साधारणपणे खाण्याच्या अर्धा तास आधी देतात. दिलं आणि नाश्ता आलाच नाही तर शुगर खाली जाते.

पहिल्या नोटमध्ये "दिले" असं राहिलं असतं तर काकांचा डोस चुकला असता आणि दुपारी शुगर आणखी वर गेली असती. उलट प्रसंगही घडतो: दिलेलं असतं, नोट "द्यायचंय" म्हणते, आणि त्याच रुग्णाला इन्सुलिन दुसऱ्यांदा टोचलं जातं. तो जास्त भयंकर.

इन्सुलिनच्या ओळीत आणखी एक गोष्ट लिहायची सवय लावा: कुपी ४० युनिट प्रति मिलीची आहे की १०० ची. आपल्याकडे कुप्या बहुतेक ४० च्या आणि पेन १०० चे असतात. सिरिंज कुपीशी जुळणारीच हवी. १०० च्या सिरिंजवर सहाच्या रेघेपर्यंत ४० ची कुपी ओढली तर सहा युनिट जात नाहीत, अडीचही जात नाहीत.

"लॅसिक्स बंद केलंय" हे तर स्पष्ट आहे. त्यात काय तपासायचं?

आपल्या बोलण्यात "बंद" हा एक शब्द तीन कामं करतो. आजचा एक डोस दिला नाही, पुढची सूचना येईपर्यंत थांबवलं आणि औषध कायमचं काढून टाकलं, या तिन्हीला आपण "बंद केलं" म्हणतो. नोटमध्ये हे तीन वेगळे लिहावे लागतात.

काकांच्या केसपेपरवर ड्यूटी डॉक्टरांनी रात्री दहाला लॅसिक्सबद्दल, म्हणजेच फ्युरोसेमाइडबद्दल, लिहिलं होतं: फ्युरोसेमाइड ४० मिलिग्रॅम शिरेतून, रात्रीचा डोस थांबवा, सकाळी राउंडला ठरवू. म्हणजे औषध काढलेलं नाही. सकाळी दहाच्या डोसचा निर्णय व्हायचाय आणि तो विचारणं दिवसपाळीच्या सिस्टरचं काम आहे. नोटमध्ये नुसतं "बंद" लिहिलं की कुणी विचारणारच नाही. हृदयाचा त्रास असलेल्या माणसाला दोन दिवस लघवीचं औषध मिळालं नाही तर पायांवर सूज आणि छातीत पाणी वाढतं, आणि मग सगळे न्यूमोनियाला दोष देत बसतात.

आणखी एक. हे औषध लघवीवाटे पोटॅशियमही बाहेर घालवतं. काकांचं पोटॅशियम ३ आहे. त्यामुळे दहाच्या डोसबद्दल विचारताना बीपी आणि पोटॅशियम हे दोन्ही आकडे डॉक्टरांना एकाच वाक्यात सांगता आले पाहिजेत. नोट लिहिताना हे आकडे त्या औषधाच्या ओळीतच ठेवा, खाली तपासण्यांच्या यादीत नुसते टाकू नका.

पोटॅशियम "सुरू" लिहिलं तर काय बिघडलं?

सिस्टर म्हणाली होती "द्यायला सांगितलंय". "सांगितलंय" म्हणजे आदेश आलाय. घातलंय की नाही, हे तिने सांगितलेलंच नाही. आपल्या भागात "सलाईन जाऊलालंय" असं ऐकलं की वाटतं सगळं सुरू आहे. सलाईन जात असेलही, पण त्यात पोटॅशियम आहे का?

याचं उत्तर खाटेजवळच मिळतं. बाटलीवर काय मिसळलंय, किती, किती वाजता आणि कुणी, याची चिठ्ठी असली पाहिजे. काकांच्या बाटलीवर चिठ्ठी नव्हती आणि शीटवर सहीही नव्हती, म्हणजे घातलेलं नव्हतं. आदेश सकाळी ७ वाजून ४० मिनिटांचा होता: ५०० मिली नॉर्मल सलाईनमध्ये पोटॅशियम क्लोराइडचा १० मिलीचा एक अँप्युल, ५ तासांत. १५ टक्क्यांच्या अशा अँप्युलमध्ये २० मिलीइक्विव्हॅलंट पोटॅशियम असतं, म्हणजे तासाला ४. "एक अँप्युल" एवढंच लिहू नका. अँप्युलची ताकद बदलली तर तेच शब्द वेगळी मात्रा सांगतात.

लटकत असलेल्या बाटलीत कुणी वरून अँप्युल टोचू नये, म्हणून नोटमध्ये "नवी बाटली, नीट हलवून मिसळणे" असं मुद्दाम लिहितो. न मिसळलेलं पोटॅशियम बाटलीच्या तळाशी राहतं आणि एकदम शिरेत जातं. त्याने हृदयाचे ठोके थांबू शकतात. हे औषध दोघींनी तपासूनच लावायचं. आणि लघवी होतेय ना, हे आधी पाहायचं. काकांची रात्रीत ७०० मिली झाली होती. रेकॉर्डिंगमध्ये शेवटी ओझरता आलेला हा आकडा पोटॅशियमच्या ओळीत लागतो.

पॅरासिटामॉल आणि अँटिबायोटिक तरी सोपं आहे ना?

त्यातल्या त्यात, हो. पॅरासिटामॉल "दिलंय" म्हणाली, वेळ चार. मात्रा शीटवरून मिळाली: १ ग्रॅम, शिरेतून, गरजेप्रमाणे, दोन डोसमध्ये किमान ६ तास. म्हणून नोटमध्ये "सकाळी १० च्या आधी नाही" असं लिहायचं. गरजेप्रमाणे दिलेल्या औषधाची मागची वेळ गळणं ही फार सर्रास होणारी चूक आहे, कारण त्याला ठरलेली वेळच नसते.

अँटिबायोटिकच्या बाबतीत "चालू आहे" या शब्दांपासून सावध राहा. ते आत्ता शिरेतून जातंय, असाही त्याचा अर्थ होतो आणि ते औषधांच्या यादीत आहे, असाही. इथे "सहाचं झालं" हे पुढचं वाक्य होतं, म्हणून प्रश्न सुटला.

रेकॉर्डिंगमध्ये आलंच नाही असं औषध असेल तर?

होतं. ऑक्सिजन सोडून काकांच्या शीटवर सहा औषधं होती आणि रेकॉर्डिंगमध्ये पाच. रात्री नऊचं एनॉक्सापॅरिन ४० मिलिग्रॅम, त्वचेखाली, सिस्टरने सांगितलंच नाही. शीटवर सही होती, म्हणजे दिलेलं होतं.

म्हणून नोट संपवण्याआधी मोजा. शीटवर किती, रेकॉर्डिंगमध्ये किती, माझ्या नोटमध्ये किती. नोटमधला आकडा शीटइतका असला पाहिजे. रेकॉर्डिंगमध्ये एखादं औषध शीटपेक्षा जास्त निघालं तर तो तोंडी आदेश असण्याची शक्यता आहे. तो लेखी झाल्याशिवाय नोटमध्ये "चालू औषध" म्हणून घालू नका, "तोंडी, लेखी आदेश घ्यायचा" असं लिहून डॉक्टरांना फोन करा.

शेवटी नोट कशी दिसली?

अशी. इथे देवनागरी आकडे छापले आहेत. वॉर्डात मात्र आकडे इंग्रजीच लिहा. देवनागरी १ परप्रांतातून आलेल्या सिस्टरला इंग्रजी नऊसारखा दिसतो आणि कन्नड एक घाईत लिहिला की शून्यासारखा.

बेड ७, पुरुष, ६४. न्यूमोनिया, तिसरा दिवस, मधुमेह, हृदयविकार. ॲलर्जी: रेकॉर्डिंगमध्ये नाही, केसपेपरवर "नाही" अशी नोंद.

अवस्था: पहाटे ४ ला ताप १०१, नंतर उतरला. बीपी रात्री १० ला ९०/६०, सकाळी ११०/७०. ऑक्सिजन २ लिटर नाकातल्या नळीने, ९५ टक्के. लघवी रात्रीत ७०० मिली. कॅन्युला रात्री बदलला.

दिलेली: सेफ्ट्रिॲक्सोन १ ग्रॅम शिरेतून, सकाळी ६; पुढचा संध्याकाळी ६. पॅरासिटामॉल १ ग्रॅम शिरेतून, पहाटे ४; गरज पडल्यास सकाळी १० नंतरच. एनॉक्सापॅरिन ४० मिलिग्रॅम त्वचेखाली, रात्री ९ (शीटवरून, रेकॉर्डिंगमध्ये उल्लेख नाही).

द्यायची: रेग्युलर इन्सुलिन ६ युनिट त्वचेखाली, ४० ची कुपी, सव्वासातच्या २८० शुगरसाठी, दिलेले नाही, रात्रपाळीच्या सिस्टरला विचारून खात्री केली, नाश्त्याची वेळ पक्की करून द्यायचे. पोटॅशियम क्लोराइड २० मिलीइक्विव्हॅलंट, ५०० मिली नॉर्मल सलाईनमध्ये, ५ तासांत, पोटॅशियम ३, अजून सुरू नाही, नवी बाटली, नीट हलवून मिसळणे, दोघींनी तपासणे.

थांबवलेली, निर्णय बाकी: फ्युरोसेमाइड ४० मिलिग्रॅम शिरेतून, रात्री १० चा डोस दिला नाही, कारण बीपी ९०/६०, सकाळी १० च्या डोसबद्दल राउंडला विचारणे, आत्ताचे बीपी ११०/७० आणि पोटॅशियम ३ सांगणे.

शीटवर ६, नोटमध्ये ६.

एसबार पद्धतीत ही औषधं कुठे बसवायची?

एसबारमध्ये परिस्थिती, पार्श्वभूमी, मूल्यमापन आणि सूचना असे चार कप्पे आहेत. औषधांना स्वतःचा कप्पा नाही, म्हणून ती चारही कप्प्यांत विखुरतात. फोनवर डॉक्टरांना एका प्रश्नाबद्दल सांगायला ही पद्धत उत्तम आहे. पाळीच्या नोटसाठी मी तिच्यातच औषधांचा वेगळा भाग जोडते, वर दिलाय तसा.

कन्नड, मराठी, इंग्रजी, तिन्ही मिसळून बोलतात. बोलणाऱ्यांना काय सांगावं?

भाषा बदला असं सांगू नका, थकलेल्या माणसाला ते जमत नाही आणि त्याच्या मनाला लागतं. दोनच गोष्टी मागा. मात्रेचा आकडा अंक सुटे करून पुन्हा म्हणा: "पंधरा, एक पाच". इंग्रजीत फिफ्टीन आणि फिफ्टी यांचा गोंधळही त्याने मिटतो. दीड, अडीच हे शब्द बाहेरून आलेल्या सिस्टरना कळत नाहीत, तिथे "एक पॉइंट पाच" म्हणा. आणि औषधाच्या वाक्याच्या शेवटी "सही झाली" किंवा "सही बाकी" म्हणा. कोट्टीनि आणि कोडतीनि यांचा घोळ या दोन शब्दांनी संपतो, बोलणारी कुठल्याही भाषेची असो.

लिहिताना "युनिट" पूर्ण लिहा. इंग्रजी यू अक्षर हाताने लिहिलं की शून्यासारखं दिसतं आणि सहाचे साठ होतात. दशांशाआधी शून्य लिहा, पूर्ण आकड्यामागे पॉइंट शून्य लिहू नका.

ऐकूच आलं नाही आणि सिस्टर घरी गेली असेल तर?

फोन करा. झोपली असेल, तरीही करा. उचलला नाही तर नोटमध्ये "अस्पष्ट, खात्री झाली नाही" असं लिहून ड्यूटी डॉक्टरांना कळवा आणि त्या औषधाबद्दल स्वतः निर्णय घेऊ नका. मी एकदा अंदाजाने "दिले" लिहिलं होतं, वेगळ्या रुग्णालयात, नोकरीच्या दुसऱ्या वर्षी. त्या आजींचा हेपरिनचा डोस चुकला. त्यांना काही झालं नाही, पण संध्याकाळी शीटवरचा रिकामा रकाना बघून पोटात आलेला गोळा अजून आठवतो.

नोट झाल्यावर रेकॉर्डिंगचं काय करायचं?

रुग्णालयाचा जो नियम असेल तो. स्वतःच्या मोबाइलवर ठेवू नका आणि वॉर्डच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर अजिबात टाकू नका, त्यात रुग्णाचा आजार आणि बेड नंबर असतो. रेकॉर्डिंग किंवा त्यावरून लिहिलेली नोट, दोन्ही ट्रीटमेंट शीटची जागा घेत नाहीत. औषध देताना शीट उघडूनच द्यायचं, आणि दिल्यावर सही तिथल्या तिथे.